गौरीपर्यंत थांबायचं तर कोणती तिकिटं काढायची?

३१ ऑगस्ट २०२५, रविवार. आमच्या कुडाळजवळच्या घरात गौर येत होती. पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं घेऊन बायका अंगणात शिरल्या, काकीने उंबऱ्यावर पाणी घातलं, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत माझा चुलतभाऊ बॅगेची चेन ओढत होता. रात्रीची गाडी होती आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून न्यू जर्सीचं विमान. काकीने गौर आत घेतली, हात पुसले आणि त्याला विचारलं, "रे, गौर इली आणि तू खंय चललंस?" दादाकडे उत्तर नव्हतं. त्याने हिशेब करूनच तिकीट काढलं होतं, पण तो हिशेब दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर होता.

२०२३ साली तो आला तेव्हा गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि २३ तारखेला गौरींबरोबर गेले. म्हणजे पाच दिवस. "आपले गणपती पाच दिवसांचे," हे त्याने मनात धरून ठेवलं. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. त्यात पाच दिवस मोजले की ३१ ऑगस्ट येतो, म्हणून त्याच रात्री निघायचं ठरलं. पण त्या वर्षी गौरी ३१ ला आल्या, १ सप्टेंबरला त्यांचं पूजन झालं आणि २ तारखेला गौरी-गणपती एकत्र गेले, सातव्या दिवशी. आमच्या घरात माणसांनी भरलेला आणि काकीला सगळ्यात जवळचा दिवस म्हणजे गौरीपूजन. तोच त्याचा हुकला.

त्यामुळे २०२६ चं कॅलेंडर हातात आल्या आल्या मी दादाला पत्र लिहायला बसले. बाहेरदेशी असलेल्या भावंडाला सणाच्या तारखा कळवायच्या म्हणजे गणेश चतुर्थीची तारीख पाठवायची, असं मलाही वाटायचं. ती तारीख तर त्याला फोनवरही दिसते. घरातल्या माणसाने सांगायचं ते वेगळं असतं. आपल्या घरचा मुख्य दिवस कोणता, त्या वर्षी तो कुठे पडतो, आणि तो सापडायला घरून कधी निघावं लागेल, हे त्याला फोन सांगत नाही.

पहिला प्रश्न मुख्य दिवसाचा. तो घराघरांत बदलतो. दीड दिवसाचा गणपती असेल तर चतुर्थी आणि ऋषिपंचमी यातच सगळं संपतं. गोव्यातल्या पुष्कळ घरांत चवथीचे पहिले दोन दिवसच महत्त्वाचे. लालबागची किंवा पुण्याची विसर्जन मिरवणूक पाहायची असेल तर अनंत चतुर्दशी गाठावी लागते. ती २०२६ मध्ये २५ सप्टेंबरला, शुक्रवारी आहे. आमच्यासारख्या घरात गणपती गौरींबरोबर जातात, म्हणून आमचा मुक्काम दिवसांवर मोजता येत नाही. दादाची चूक नेमकी इथे झाली, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

गणपती तिथीने येतात आणि गौरी नक्षत्राने. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधलं अंतर. अमावस्येला दोघे एकत्र असतात, मग चंद्र दर बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. भाद्रपदातली चौथी तिथी ती गणेश चतुर्थी. नक्षत्राला मात्र सूर्याशी देणंघेणं नाही. चंद्राच्या वाटेवर ताऱ्यांच्या खुणांनी पाडलेले सत्तावीस टप्पे ती नक्षत्रं, आणि एक टप्पा ओलांडायला चंद्राला साधारण एक दिवस लागतो. चंद्र अनुराधेत असताना गौर घरात येते, ज्येष्ठेत असताना तिची पूजा होते आणि मूळ नक्षत्रात ती जाते. म्हणूनच त्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात.

आता ही दोन घड्याळं एकत्र ठेवून बघा. चतुर्थीला चंद्र सूर्याच्या पुढे ठरावीकच अंतरावर असतो. पण सूर्य स्वतः ताऱ्यांमध्ये रोज सुमारे एक अंश पुढे सरकतो. गणपती सप्टेंबरच्या उत्तरार्धात आले तर सूर्य बराच पुढे गेलेला असतो, त्याच्यापुढे असलेला चंद्रही पुढच्या नक्षत्रात असतो, आणि अनुराधा जवळ येते. गणपती ऑगस्टमध्येच आले तर चंद्र मागच्या टप्प्यावर असतो आणि अनुराधेला पोचायला त्याला जास्त दिवस लागतात. २०२३ मध्ये १९ सप्टेंबरच्या चतुर्थीला चंद्र स्वातीत होता, मधलं विशाखा ओलांडलं की अनुराधा. म्हणून तिसऱ्याच दिवशी, २१ तारखेला गौरी आल्या. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला चंद्र चित्रेतच होता, शिवाय त्या आठवड्यात तो पृथ्वीपासून दूर असल्याने त्याची चालही मंद होती. गौरी यायला पाचवा दिवस उजाडला. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला होते, या दोन्ही वर्षांच्या मध्ये, आणि गौरी चौथ्या दिवशी, १० तारखेला आल्या.

गणपती उशिरा आले की गौरी लवकर येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. काकीला हे गणित कुणी शिकवलेलं नाही, पण श्रावणातच ती सांगते, "यंदा गणपतींका जास्त दिवस रवाचा लागतला." तिचा अंदाज मी चुकलेला पाहिलेला नाही.

२०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. मागच्या वर्षीपेक्षा अठरा दिवस उशिरा. परदेशी राहणाऱ्यांना याचंही नवल वाटतं, कारण सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो असं त्यांनी ऐकलेलं असतं. ते खरंही आहे, पण या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि तो महिना मध्ये आल्याने पुढचे सगळे सण पुढे ढकलले गेले आहेत. गौरी १७ तारखेला गुरुवारी येतील, १८ ला शुक्रवारी पूजन, १९ ला शनिवारी विसर्जन. म्हणजे यंदा आमच्याकडे गणपती सहा दिवस.

चतुर्थीच्या तारखेतही यंदा एक खोच आहे. १४ तारखेला सूर्योदयाला अजून तृतीयाच आहे. सकाळी सातच्या सुमारास चतुर्थी लागते आणि १५ तारखेला सकाळी पावणेआठच्या सुमारास संपते. पंचांगात दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या तिथीचं. त्यामुळे कुणी फक्त तिथीचा रकाना पाहिला तर त्याला चतुर्थी १५ ला दिसेल. पण गणेश चतुर्थी ठरते ती मध्यान्हाच्या तिथीवरून, कारण गणपतीची पूजा दुपारच्या वेळेची. १४ ला दुपारी चतुर्थी आहे, १५ ला दुपारी नाही. म्हणून गणपती १४ लाच बसणार.

याच नियमामुळे अमेरिकेतल्या कॅलेंडरवर कधी कधी वेगळी तारीख असते, आणि तीही खरी असते. २०२५ मध्ये आपल्याकडे चतुर्थी २६ ऑगस्टच्या दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या आसपास संपली. आपल्या २६ च्या मध्यान्हाला ती नव्हती, २७ च्या मध्यान्हाला होती. तोच काळ न्यू यॉर्कच्या घड्याळात २६ च्या पहाटेपासून २७ च्या पहाटेपर्यंत जातो. तिथली दुपार २६ ची सापडते. म्हणून तिकडच्या घरांत गणपती २६ ला बसले आणि आपल्याकडे २७ ला. वहिनीच्या फ्रिजवर तिकडच्या देवळाचं कॅलेंडर लावलेलं असतं. तिकडे सण करायचा असेल तेव्हा ते बरोबर, पण गावाला यायचं असेल तेव्हा गावाचं कॅलेंडर बघायचं. २०२६ मध्ये दोन्हीकडे १४ च येते, हे मी पत्रात मुद्दाम लिहिलं, नाहीतर दादा तो एक दिवस इकडे की तिकडे यावर पुन्हा विचार करत बसला असता.

एक गोष्ट इथेच सांगते. कोकणात टिळक पंचांग पाळणारी घरं आहेत. त्यांचं गणित थोडं वेगळं असल्याने सणाची तारीख, क्वचित महिनासुद्धा, वेगळा येऊ शकतो. तुमच्या मूळ घरात कोणतं पंचांग चालतं हे ठाऊक नसेल तर तिकिटाआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.

दिवस ठरला की मागे मोजत यायचं. मी दादासाठी जे मोजलं ते पत्रातूनच सांगते.

"प्रिय दादा,

काकीची तब्येत ठीक आहे. गुडघे दुखतात, पण ती माटवीखाली खुर्ची टाकून बसणार आहे असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय. यंदा गौरीपूजन १८ सप्टेंबरला, शुक्रवारी. हा दिवस मध्ये ठेवून बाकीचं जुळव.

तू गुरुवारी, १० सप्टेंबरला संध्याकाळी नेवार्कहून निघ. शुक्रवारी ११ ला रात्री मुंबईला पोचशील. त्याच रात्रीची कोकणकन्या धरायचा विचार करू नकोस. विमान दोन तास उशिरा आलं तर गाडी जाईल, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुसरं तिकीट मिळत नाही. शनिवारचा दिवस ठाण्याला आत्याकडे काढ, झोप भरून घे, आणि १२ ला रात्री गाडीत बस. रविवारी १३ ला सकाळी तू घरी. त्या दिवशी माटवी बांधायची असते आणि चित्रशाळेतून गणपती आणायचा असतो. मागच्या वेळी तू आलास तेव्हा माटवी बांधून झाली होती. कवंडळं, शेरवडं, कांगण्या आणायला रानात जायचं तर शनिवारी मुलं जातीलच, पण बांधायला उंच माणूस लागतो आणि ते काम तुझ्यासाठी ठेवलंय.

१९ ला शनिवारी संध्याकाळी विसर्जन. २० चा रविवार घरात राहा. सगळं आवरल्यावर काकीजवळ बसायला तोच एक दिवस मिळेल. २० ला रात्री गाडी, २१ ला सकाळी मुंबई. परतीचं विमान २१ च्या रात्रीचं घे. पण नीट बघ, ती विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे तिकिटावर तारीख २२ असेल आणि विमानतळावर जायचं २१ च्या रात्री. २२ ला सकाळी तू तिकडे पोचशील. सुट्ट्या मोजल्या तर ११, मग १४ ते १८, आणि २१, २२. आठ दिवस."

आठ दिवसांचा हा हिशेब मी पत्रात मुद्दाम घातला. कार्यालयात रजा मागणाऱ्याला तारखांपेक्षा रजेचा आकडा आधी लागतो. शनिवार-रविवार कुठे येतात हे त्याच्यासाठी मोजून दिलं की निर्णय लवकर होतो. गौरीपूजन शुक्रवारी असल्याने आठवड्याच्या मध्यावर येऊन धावत परत जाता येणार नाही, हेही त्यातून दिसतं.

गाडीच्या तिकिटांची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी ते एकशेवीस दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. परदेशातल्या पुष्कळ जणांच्या डोक्यात अजून चार महिन्यांचाच हिशेब आहे. १२ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण १४ जुलैला सकाळी आठला उघडेल आणि २० सप्टेंबरचं २२ जुलैला. गणपतीच्या गाड्या किती वेळात भरतात हे कोकणी माणसाला सांगायला नको, काही मिनिटांतच प्रतीक्षा यादी सुरू होते. शिवाय आरक्षण उघडल्यावर सुरुवातीच्या वेळात आधार जोडलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं. दादाकडे असं खातं नाही. त्याने तिकडे रात्रभर जागून काही उपयोग झाला नसता, म्हणून ते काम इथल्याच कुणीतरी करायचं. नावं मात्र पासपोर्टवर आहेत तशीच लागतात, ती मी मागवून घेतली.

विमानाचं तिकीट आधी काढायचं की गाडीचं, असा प्रश्न दादाने विचारला. विमान आधी. गाडीचं तिकीट नाही मिळालं तर पुढे जाहीर होणाऱ्या गणपती विशेष गाड्या आहेत, बांद्याजवळच्या मोप्याचं विमान आहे, आणि शेवटी रस्ता आहे. रस्त्याने जायचं तर त्या दोन-तीन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर एरवीच्या दीडपट-दुप्पट वेळ धरावा लागतो. चौदा तास गाडीत बसून आलेला माणूस चतुर्थीच्या सकाळी पूजेला उभा राहतो खरा, पण दुपारी पानावर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटतात. त्यात तो न्यू जर्सीहून आलेला असेल तर त्याच्या अंगाला ती रात्रच असते. १३ ला सकाळी पोचायचं म्हटलं ते त्यासाठी.

पत्रात एक कठीण परिच्छेदही होता. भावकी मोठी आहे, त्यात वयाची ऐंशी ओलांडलेली चार माणसं आहेत. सुतक आलं तर आमच्याकडे घरचे पूजेला हात लावत नाहीत, आणि सगळाच सण बदलतो. हे लिहायला जड जातं, पण न लिहिणं बरोबर नाही. मी एवढंच लिहिलं, "परतीचं तिकीट बदलता येईल असं काढ. थोडे पैसे जास्त जातील. देवाच्या मनात असेल तर ती गरज पडणार नाही."

मग मुलांचा प्रश्न. २०२५ मध्ये गणपती ऑगस्टअखेरीस आले, तिकडे शाळा सुरू व्हायच्या होत्या, म्हणून दोन्ही मुलं आली होती. न्यू जर्सीतल्या शाळा साधारण लेबर डेच्या आसपास उघडतात आणि २०२६ चा लेबर डे ७ सप्टेंबरला आहे. म्हणजे यंदा गणपती येतील तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतील. थोरली आता नववीत जाईल, तिला सुरुवातीलाच आठ दिवस बुडवायला लावणं वहिनीला पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी दोन रस्ते लिहिले. यंदा दादाने एकट्याने यावं. आणि २०२७ मध्ये चौघांनी, कारण त्या वर्षी चतुर्थी ४ सप्टेंबरला शनिवारी आहे आणि लेबर डे ६ ला. तेव्हा शाळेचे दिवस बुडतील ते पहिल्या काही दिवसांतले, आणि दादाच्या रजेतला एक दिवस सुट्टीतच जाईल. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी जमेल, असं त्याला वाटू नये म्हणून मी पुढे एक ओळ जोडली, "काकी यंदा अठ्ठ्याहत्तर पूर्ण करते."

पत्राच्या शेवटी मी सगळ्या तारखा पुन्हा लिहिल्या, पण वारासकट. सोमवार १४, शुक्रवार १८, शनिवार १९. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो आणि दिवस नंतर. दादा सव्वीस वर्षं तिकडे आहे, त्याच्या हाताला आता तीच सवय लागलीय. मी नुसतं १०/९ लिहिलं तर तो ते ऑक्टोबरची नऊ तारीख म्हणून वाचू शकतो. महिना अक्षरात आणि सोबत वार लिहिला की चूक लगेच उघडी पडते, कारण चुकीच्या तारखेला वार जुळत नाही.

चार दिवसांनी दादाने तिकिटाचा फोटो पाठवला. मी आधी जायची तारीख पाहिली, मग पोचण्याची, मग परतीची. १० ला रात्री निघणं, ११ ला रात्री मुंबई, २२ ला पहाटे परत. विमान एकाचंच होतं. खाली त्याने लिहिलं होतं, "२०२७ ची मुलांची रजा वहिनी आत्ताच शाळेच्या कॅलेंडरवर बघतेय."

फोटो काकीला दाखवला. तिला तिकिटावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. तिने चष्मा लावला, तरी दिसली नाहीत, मग मला वाचायला सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "गौर जायसर आसा मा तो?" आहे म्हटल्यावर ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि सप्टेंबरचं पान काढायला लावलं. १८ च्या चौकोनात तिने माझ्याकडून त्याचं नाव लिहून घेतलं. जुलैच्या पानावर १४ आणि २२ या दोन चौकोनांत मी माझ्यासाठी लिहिलं, सकाळी आठ.